मेमरी कार्ड 'फॉरमॅट करा' म्हणतंय? फुकटचं सॉफ्टवेअर चालवायचं की लॅबला पाठवायचं, हे असं ठरवा

लग्नसराईत आपल्या तालुक्यातल्या एका फोटोग्राफरचा रात्री साडेदहाला फोन आला. दिवसभर हळद आणि लग्न शूट करून घरी आला, कॅमेऱ्यातलं ६४ जीबीचं कार्ड लॅपटॉपला लावलं, आणि स्क्रीनवर एकच ओळ आली: "You need to format the disk in drive E: before you can use it." म्हणजे आधी फॉरमॅट करा, मग कार्ड वापरा. खाली 'Format disk' आणि 'Cancel' ही दोन बटणं. ऑर्डर ४५ हजारांची. नवरी दुसऱ्या दिवशी सकाळी सासरी निघून गेलेली असणार, त्यामुळे परत शूट करायचा विषयच नाही. त्याला विचारायचं होतं एवढंच: "फुकटचं रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू, का कार्ड पुण्याच्या लॅबला पाठवू?"

हा प्रश्न वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी फोटोग्राफर, कधी दूध संकलन केंद्राचा सचिव, कधी मुलाच्या बारशाचे फोटो चुकून डिलीट केलेला बाप. उत्तर सगळ्यांना सारखं नसतं. पण उत्तरापर्यंत जायची वाट बऱ्यापैकी सारखी आहे, ती इथे सविस्तर सांगतो.

आधी हात थांबवा

फाइल डिलीट झाली किंवा कार्ड बिघडलं, तरी आतला मजकूर लगेच पुसला जात नाही. कार्डाच्या सुरुवातीला एक यादी असते, कोणता फोटो कुठे ठेवलाय याची. किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीचं अनुक्रमणिकेचं पान फाटलं तर आतली पानं जागेवरच असतात, तसंच. पण मशीनला अनुक्रमणिका दिसली नाही की ते सगळी वही कोरी समजतं, आणि नवीन काही लिहिलं तर जुन्यावरच लिहितं. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं, की तो फोटो ना फुकटच्या सॉफ्टवेअरला मिळतो, ना लाखभर घेणाऱ्या लॅबला.

म्हणून पहिलं काम: 'Cancel' दाबा आणि कार्ड बाहेर काढा. परत कॅमेऱ्यात घालून "एक फोटो काढून बघतो, चालतंय का" असं करू नका. मोठ्या एसडी कार्डाच्या कडेला एक छोटी सरकपट्टी असते, ती लॉकच्या बाजूला सरकवा. बहुतेक रीडर मग त्यावर लिहीत नाहीत. मायक्रो एसडी असेल तर ज्या ॲडॅप्टरमध्ये घालून लावता त्यालाही हीच पट्टी असते.

आणखी एक सवय घातक आहे. गावातला एखादा जाणकार मुलगा येतो आणि `chkdsk` चालवतो. ही आज्ञा डिस्क दुरुस्त करते, पण ती मूळ कार्डावरच बदल करते. फोटो शोधणं हे तिचं काम नाही, यादी नीट लावणं हे तिचं काम. ज्या तुकड्यांचा हिशेब लागत नाही ते ती FOUND.000 नावाच्या फोल्डरमध्ये FILE0000.CHK अशा नावाने टाकते, आणि जे फोटो सहज परत आले असते त्यांचाही गुंता होतो. डेटा हाती येईपर्यंत दुरुस्तीचा विचारच नको.

कार्डाची पूर्ण प्रत निघते का, यावर सगळं अवलंबून

फोटोग्राफरला मी दोन प्रश्न विचारले. लॅपटॉपला कार्ड दिसतंय का? आणि त्याची साइज बरोबर दाखवतंय का? उत्तर दोन्हीला हो. ६४ जीबीचं कार्ड साधारण ५९-६० जीबी दाखवत होतं, ते ठीकच आहे, कंपनीची मोजणी आणि विंडोजची मोजणी वेगळी असते. शून्य किंवा काही एमबी दाखवलं असतं, किंवा कार्ड लावल्यावर काहीच झालं नसतं, तर मी त्याला तिथेच थांबवलं असतं. (आधी दुसरा रीडर लावून बघायचा, कारण शंभर-दीडशे रुपयांचे रीडरच बऱ्याचदा मेलेले असतात.)

कार्ड दिसतंय, साइज बरोबर आहे, म्हणजे आतली चिप वाचता येतेय आणि बहुधा यादी बिघडलीय. हे घरी करण्यासारखं काम. पण रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट कार्डावर चालवायचं नाही. आधी कार्डाची जशीच्या तशी प्रत काढायची, पहिल्या कणापासून शेवटच्या कणापर्यंत, रिकामी दिसणारी जागासुद्धा. याला इमेज म्हणतात. साध्या कॉपी-पेस्टने ती निघत नाही, कारण कॉपी-पेस्ट त्या बिघडलेल्या यादीवरच चालतं.

आम्ही टेस्टडिस्क वापरलं. हे आणि त्याच्या जोडीचं फोटोरेक, दोन्ही ख्रिस्तोफ ग्रेनिये या प्रोग्रामरने लिहिलेली, पूर्ण मोफत. नंतर पैसे मागत नाहीत. हे मुद्दाम सांगतो, कारण 'फ्री' म्हणून जाहिरात करणारी बरीच सॉफ्टवेअर शोध फुकट करतात, फोटोंची यादी दाखवतात, आणि सेव्ह करायला गेलं की पैसे मागतात. काही थोड्या एमबीपर्यंत फुकट देतात आणि मग थांबतात. लग्नाचे फोटो थोड्या एमबीत कुठे बसतात! ही दोन्ही `cgsecurity.org` वरूनच उतरवा. 'क्रॅक' केलेलं महागडं सॉफ्टवेअर टेलिग्रामवरून घेऊ नका, त्याबरोबर व्हायरस येतो आणि लॅपटॉपवर आहे तोही डेटा जातो.

टेस्टडिस्क 'Run as administrator' ने उघडायचं. डिस्कची यादी येते. इथे घाई नको, साइज बघून कार्डच निवडलंय याची खात्री करा. मग 'Advanced', आणि त्यात 'Image Creation'. इमेज लॅपटॉपच्या हार्डडिस्कवर साठवायची, कार्डावर कधीच नाही. जागा किती लागेल? ६४ जीबीची इमेज, आणि त्यातून निघणारे फोटो जास्तीत जास्त तेवढेच, म्हणजे १३० जीबी मोकळी हवी. साध्या रीडरवर सेकंदाला २० एमबीच्या आसपास वाचन होतं, त्या हिशेबाने पाऊण ते एक तास लागतो.

हा एक तास म्हणजेच खरी परीक्षा. वाचन एका वेगाने शेवटपर्यंत गेलं आणि चूक आली नाही, तर कार्ड शारीरिकदृष्ट्या ठीक आहे. मग कार्ड काढून पाकिटात ठेवा. आता त्या इमेजवर कितीही सॉफ्टवेअर चालवा, दहा वेळा चुका, मूळ कार्डाला धक्का नाही. फुकटचं सॉफ्टवेअर वापरण्यातला धोका जवळजवळ संपतो तो इथे. उलट वाचन मध्येच अडकलं, वाचनाच्या चुका येत राहिल्या, कार्ड मधूनच गायब व्हायला लागलं किंवा हाताला चटका बसेल इतकं तापलं, तर थांबा. ती चिप मरतेय. अशा वेळी जितकं जास्त वाचाल तितकं लॅबसाठी कमी उरतं.

फोटोग्राफरच्या कार्डाची इमेज अडखळल्याशिवाय निघाली. रात्रीचा एक वाजला होता, पण लॅबचा खर्च टळला हे तेव्हाच कळलं होतं.

फोटोरेक काय देतं आणि काय देत नाही

फोटोरेक यादीकडे बघतच नाही. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात ठराविक खुणेने होते, ती खूण ते सगळ्या इमेजमध्ये शोधत जातं आणि सापडली की तिथून पुढचा फोटो उचलून वेगळा ठेवतं. यादी पार नष्ट झाली तरी ते चालतं, ते यामुळेच. त्याचं खिडकीवालं रूप क्यूफोटोरेक नावाने त्याच फोल्डरमध्ये असतं, माऊसने चालतं. त्यात इमेज फाइल जोडायची, 'Whole' निवडायचं, आणि फोटो ठेवायला वेगळं फोल्डर द्यायचं. काळ्या स्क्रीनवर चालवायचं असेल तर एवढंच:

```
photorec_win image.dd
```

सकाळी `recup_dir.1`, `recup_dir.2` अशी फोल्डर तयार होती. कॅमेऱ्याच्या मोजणीनुसार त्या दिवशीचे फोटो ११४० होते, आणि निघाल्या १६०० च्या वर फाइली. जास्तीच्या कुठून आल्या? कार्ड आधी एका साखरपुड्याला वापरून फॉरमॅट केलेलं होतं, त्यातले न पुसलेले फोटोही वर आले. (हे लक्षात ठेवा. जुनं कार्ड किंवा पेनड्राइव्ह विकताना नुसतं फॉरमॅट करून देणारे खूप आहेत.)

नावं सगळी गेलेली, f आणि पुढे लांबलचक आकडा. पण कॅमेरा फोटोच्या आत तारीख-वेळ लिहून ठेवतो, तिच्यावरून क्रम लावता आला. १७ फोटो खालून अर्धे करडे निघाले, म्हणजे त्या फाइलचे तुकडे कार्डावर दोन ठिकाणी पडले होते आणि फोटोरेकला दुसरा तुकडा जोडता आला नाही. व्हिडिओ नऊ होते, त्यातले सहा चालले. व्हिडिओच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. फाइल मोठी, तुकड्यात पडायची शक्यता जास्त, आणि बरेच कॅमेरे व्हिडिओची अनुक्रमणिका रेकॉर्डिंग संपल्यावर लिहितात. बॅटरी मध्येच गेली तर ती लिहिलीच जात नाही.

आता पुन्हा तोच प्रश्न, छोट्या रूपात. तीन व्हिडिओंसाठी लॅबला जायचं का? त्याने पुण्यात फोनवर विचारलं, आठ-नऊ हजार सांगितले, मिळतील याची हमी नाही. तीनपैकी दोन व्हिडिओ पंगतीचे होते, आणि तिसऱ्यातला सप्तपदीचा भाग नवरीच्या मामाच्या मोबाइलवर होता. त्याने पैसे खर्च केले नाहीत. माझ्या मते बरोबर केलं. पण मंगलाष्टकांचा एकमेव व्हिडिओ गेला असता, तर मीच त्याला इमेज पाठव म्हणालो असतो. हो, कार्ड चांगलं असेल तर लॅबला इमेजही चालते का ते विचारायचं, कुरिअरचा धोका वाचतो.

हार्डडिस्क 'टक टक' करत असेल तर

इथे नियम उलटा आहे. एका दूध संकलन केंद्राची १ टीबीची बाहेरची हार्डडिस्क टेबलावरून पडली. चालू असताना पडली, हे महत्त्वाचं. लावली की टक... टक... टक असा एका तालात आवाज, आणि लॅपटॉपवर कधी दिसायची, कधी नाही. एका पोराने रात्रभर तिच्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून ठेवलं. सकाळी डिस्क दिसायचीच बंद झाली.

अशा डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या फिरत असतात आणि वाचणारी सुई (तिला हेड म्हणतात) तबकडीला न टेकता वर तरंगते. मधलं अंतर केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटीने कमी असतं. पडल्यावर हेड वाकलं की ते नीट वाचू शकत नाही, परत परत सुरुवातीला जातं, तोच हा टक टक आवाज. तशीच फिरवत ठेवली की वाकडं हेड तबकडीला घासायला लागतं, आणि ज्या थरात डेटा असतो तोच खरवडून निघतो. सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, ते डिस्कला फक्त "वाच, वाच" सांगू शकतं. वाकलेली सुई सरळ करणं त्याच्या हातात नाही. लॅबमध्ये धूळमुक्त जागेत डिस्क उघडतात, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवतात, आणि प्रत काढतात. हे यूट्यूबवर बघून घरी करायचं काम नव्हे. डिस्क फ्रीजमध्ये ठेवण्याचा जुना सल्लाही विसरा, आत पाणी धरतं.

आवाज नाही, पण डिस्क फार मंद झालीय, अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर लावून बघता येतं. निळ्या रंगात 'Good' असेल तर ठीक. पिवळ्यात 'Caution' आणि 'Current Pending Sector Count' समोर शून्याशिवाय आकडा असेल, तर डिस्कचे काही भाग वाचता येत नाहीयेत. मग सगळ्यात महत्त्वाचं फोल्डर पहिलं कॉपी करा, तेही एकदाच.

दूध केंद्राच्या डिस्कवर तीन वर्षांचे हिशेब होते. लॅबने फोनवर सांगितलेला अंदाज २२ हजार, तोही हेड बदलून तबकडी चांगली निघाली तर. मंडळी पैसे गोळा करायला बसली. तेव्हा सचिवांना विचारलं, "कागदाची रजिस्टरं आहेत का?" होती, कपाटात, तिन्ही वर्षांची. तालुका संघाकडे मासिक गोषवारे होते. दोन माणसं, २० दिवस, रोज ४०० रुपये, म्हणजे १६ हजारांत सगळं पुन्हा भरून होत होतं, आणि ते नक्की होणार होतं. २२ हजार देऊन होईलच असं नव्हतं. त्यांनी नोंदी पुन्हा भरल्या. डिस्क तेवढ्यासाठी लॅबला दाखवली, तेव्हा तबकडीवर गोल ओरखडे पडलेले निघाले. रात्रभराच्या त्या सॉफ्टवेअरने काम केलं होतं. रजिस्टरं नसती तर?

डेटाची किंमत ठरवताना असंच बसून लिहून काढावं लागतं. सातबारा, आठ-अ, दहावी-बारावीची मार्कशीट, आधार यांच्या पीडीएफ गेल्या म्हणून कुणी लॅबला जाऊ नये. त्या महाभूमीच्या साइटवर, डिजिलॉकरवर परत मिळतात. लग्नाचे फोटो पाहुण्यांच्या मोबाइलमध्ये आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर असतात, क्वालिटी कमी असली तरी. उरतं ते, जे दुसरीकडे कुठेच नाही: गेलेल्या वडिलांचा आवाज, शेताच्या वादातला मोजणीचा व्हिडिओ. त्याला किती मोजायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, पण लॅबला फोन करायच्या आधी ठरवा. समोरचा आकडा ऐकल्यावर ठरवायला गेलं की माणूस भावनेच्या भरात हो म्हणून बसतो.

मोबाइलमधून डिलीट झालेले फोटो

इथे स्पष्ट बोलायला हवं. फोनच्या आतल्या मेमरीतून डिलीट झालेलं बहुतेक वेळा परत येत नाही. आजकालचे अँड्रॉइड फोन आतला डेटा कुलूपबंद करून ठेवतात, आणि डिलीट केलेली जागा लवकरच खरोखर मोकळी करून टाकतात. फॅक्टरी रिसेट केलेल्या फोनमधून फोटो काढून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. प्ले स्टोअरवरची रिकव्हरी ॲप शेकडो फोटो दाखवतात खरी, पण रूट न केलेल्या फोनवर ती मुख्यतः कॅशेमधल्या छोट्या छोट्या प्रती असतात, मोठ्या केल्या की फाटतात.

त्याऐवजी आधी कचराकुंडी बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस 'ट्रॅश'मध्ये राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस. कंपनीच्या गॅलरीला वेगळा ट्रॅश असतो, तोही उघडा.

फोनमधलं मेमरी कार्ड असेल तर आशा आहे, वर सांगितल्याप्रमाणे. अपवाद दोन. कार्ड घालताना ते 'इंटरनल स्टोरेज' म्हणून सेट केलं असेल तर ते त्या फोनच्याच किल्लीने कुलूपबंद असतं. फोन रिसेट झाला की किल्ली गेली, मग लॅबही काही करू शकत नाही. दुसरा अपवाद आठवडी बाजारातलं तीनशे रुपयांचं '५१२ जीबी' कार्ड. आत चिप ३२ जीबीची असते, पाटी ५१२ ची. ३२ भरल्यावर पुढचं सगळं हवेत जातं किंवा जुन्यावरच लिहिलं जातं. जे कधी नीट साठलंच नाही ते कोण परत आणणार?

मायक्रो एसडी अजिबात दिसत नसेल आणि डेटा खरंच मोलाचा असेल, तर लॅब हाच मार्ग. पण महाग पडतं. मायक्रो एसडीत सगळं एकाच काळ्या ठोकळ्यात ओतलेलं असतं. त्याचा वरचा थर खरवडून केसासारख्या तारा जोडाव्या लागतात, आणि हे प्रत्येक लॅबला जमत नाही. "मोनोलिथ करता का?" एवढं विचारा. समोरच्याला शब्दच कळला नाही तर दुसरीकडे बघा.

लॅबला देताना

कोपऱ्यावरचं मोबाइल शॉपी आणि लॅब यात फरक आहे. शॉपीवाला बहुतेक तेच सॉफ्टवेअर चालवतो जे तुम्ही घरी चालवलं असतं, आणि थेट तुमच्या कार्डावर चालवतो. त्याला पहिला प्रश्न: "आधी इमेज काढणार का?" घरातल्या बायका-मुलींचे फोटो असलेलं कार्ड दोन दिवस दुकानात ठेवून यायचं का, याचाही विचार करा. शक्यतो समोर बसून काम करून घ्या.

लॅबकडून लेखी घ्या: तपासणीचे पैसे वेगळे आहेत का, डेटा मिळाला नाही तर काय घेणार, हेडसाठी लागणाऱ्या दुसऱ्या डिस्कचे पैसे कोण देणार, आणि पैसे भरायच्या आधी मिळालेल्या फाइलींची यादी दाखवणार का. 'डेटा नाही तर फी नाही' असं बऱ्याच ठिकाणी सांगतात, पण दुसऱ्या डिस्कचा खर्च त्यात धरलेला नसतो. आणि मिळालेला डेटा घ्यायला नवी डिस्क तुम्हालाच द्यावी लागते.

आधी काय काय करून बघितलं ते लपवू नका. रात्रभर सॉफ्टवेअर चालवलं असेल तर सांगा, त्यावरून ते कुठून सुरुवात करायची ते ठरवतात. डिस्क पाठवताना चहूबाजूंनी दोन-दोन इंच बबल रॅप किंवा फोम, नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून नाही. पुराच्या पाण्यात भिजलेली डिस्क चालू करून बघू नका आणि उन्हात वाळवूही नका. आत गाळ सुकला की तबकडीला चिकटतो. ओलसर कापडासह प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तशीच पाठवा.

तो फोटोग्राफर आता प्रत्येक लग्नाला दोन कार्डं नेतो. हळदीचं वेगळं, लग्नाचं वेगळं. पंगत बसली की लॅपटॉपवर पहिलं कार्ड उतरवून घेतो, मगच जेवायला जातो.